सोफ्यामागची पावलं

तक्रारीसाठी तिसऱ्यांदा त्या घराची बेल दाबताना डिशकाकांच्या हातातली बॅग पहिल्या खेपेपेक्षा जड होती आणि मन त्याहून जड होतं. पहिल्या तक्रारीला आले तेव्हा बॅगेत एक टेस्टर आणि एक पेनड्राइव्ह होता. दुसऱ्यांदा नवी केबल आली. आता बॅगेत तीन केबली, दोन रिमोट, दुसरा एक साउंडबार आणि घरून आणलेला डबा होता. डबा अशासाठी, की आज दिवस मावळेपर्यंत हलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

डिशकाका हे त्यांचं खरं नाव अर्थातच नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी गच्च्यागच्च्यांवर डिशच्या छत्र्या बसवल्या, तेव्हापासून ते चिकटलं. छत्र्या गेल्या, नाव राहिलं. आता ते एका मोठ्या दुकानाच्या सेवा केंद्रात टीव्ही आणि त्याखालचे लांबट स्पीकर, म्हणजे साउंडबार, बसवत आणि बिघडले की दुरुस्त करत. दुरुस्त म्हणजे पूर्वी कथलाचा डाख देऊन करत तसं नाही. आता भिंतीवरच्या टीव्हीत मेनू उघडायचा, मेनूत मेनू उघडायचा, आणि सगळ्यात आतल्या मेनूत जो खटका असेल तो चालू करायचा. त्यांचं वय सत्तावन्न. निवृत्तीला अजून वेळ होता, आणि तोवर कामावर ठेवायचं की नाही हे फोनमधलं एक अॅप ठरवत होतं.

अॅपचा नियम साधा होता. एकाच घरातून एकच तक्रार तीनदा आली आणि तिसऱ्या खेपेच्या दिवशी सहा वाजेपर्यंत बंद झाली नाही, तर तंत्रज्ञाचा आयडी बंद. माणूस कामावरून काढला असं कुणी म्हणत नसे. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला एकही काम दिसत नसे, आणि तो दिवसभर फोन हलवून बघत बसे. गेल्या वर्षी असे दोघे हलवत बसले. त्यातला एक अजून हलवतो.

दार मावशींनी उघडलं. मावशी म्हणजे घरमालकीण. वय सत्तरीपलीकडे, डोळे चपळ, कान जवळजवळ संपावर.

"आलात का? बसा! मी ओरडत नाहीये, मला माझाच आवाज कळत नाही!" त्या ओरडून म्हणाल्या.

कानांवरचा हेडफोन उतरवून, बटण दाबून, त्यांनी तो नीट टेबलावर ठेवला. घरी माणूस आलं की कानात बोळे घालून बसणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. मग त्या समोरच्याच्या ओठांकडे बघत बसत, आणि अर्धं कळलं तरी पूर्ण कळल्यासारखी मान हलवत.

आत साहेब सोफ्याच्या टोकाला ताठ बसले होते. साहेब म्हणजे मावशींचे यजमान, नभोवाणी केंद्रातले निवृत्त ध्वनिमुद्रक. छत्तीस वर्षं त्यांनी नाटकांना आवाज दिले होते. पात्रांचे नव्हे, पायांचे. खडीवर चालणं, लाकडी जिन्यावरून उतरणं, चोराचं अनवाणी येणं. खडीने भरलेल्या ट्रेमध्ये त्यांनी राजे चालवले होते. त्यांच्या कानाला फसवणं सोपं नव्हतं, आणि डिशकाकांचं दुर्दैव नेमकं तिथेच होतं.

"या. बघा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी फोन पुढे केला. फोनमध्ये साउंडबारच्या तोंडावरच्या छोट्या पट्टीचे सात फोटो होते, सात संध्याकाळचे. सातही फोटोंत पट्टीवर तीच अक्षरं: पीसीएम २.०.

"आणि आत्ता?" डिशकाकांनी विचारलं.

"आत्ता काय, तुम्ही आलात ना! लावा."

डिशकाकांनी रिमोट उचलला. साहेबांची आवडती गुप्तहेरांची मालिका लावली. नावाखाली ५.१ ची, म्हणजे सहा वाटांनी येणाऱ्या आवाजाची, खूण होती. पट्टीवर क्षणभर काहीच नाही, मग ठळक: ५.१. सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात टेबलांवर बसवलेले दोन छोटे स्पीकर जागे झाले, आणि कुणीतरी ओल्या फरशीवरून साहेबांच्या मानेमागून चालत गेलं.

"बघितलंत?" साहेब थंडपणे म्हणाले. "तुम्ही आलात की माणूस मागून चालतो. तुम्ही गेलात की तो समोरच्या भिंतीत जाऊन उभा राहतो."

डिशकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. बरोबर चालणारी वस्तू दुरुस्त कशी करायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

या यंत्राचं कसं असतं, हे ते गेले आठ दिवस स्वतःशीच घोकत होते. साधारणपणे तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीकडे येतात. पण टीव्हीच्या आतच मालिका चालू असेल, तर आवाज उलट दिशेने, त्याच तारेतून, टीव्हीकडून साउंडबारकडे जातो. त्या उलट्या वाटेच्या सुधारलेल्या अवताराला ई-आर्क म्हणतात. टीव्हीने आवाजाचं पार्सल न उघडता तसंच पुढे पाठवलं, तर बार ते उघडतो आणि पाच-सहा स्पीकरांत वाटतो. टीव्हीने मधेच फोडून फक्त डावं-उजवं पाठवलं, तर बार बिचारा काय वाटणार? तो पट्टीवर पीसीएम २.० लिहितो आणि मागचे स्पीकर गप्प बसतात. म्हणजे प्रश्न एवढाच होता: टीव्ही पार्सल फोडतो का, आणि फोडतो तर संध्याकाळीच का?

पहिल्या तक्रारीत त्यांनी तार बघितली. ती ई-आर्क लिहिलेल्या भोकातच होती. मेनूत ई-आर्क चालू होतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'जसाच्या तसा पाठवा' होतं. दुसऱ्या तक्रारीत दोन्ही यंत्रांचं सॉफ्टवेअर नवं केलं, तार बदलली, भिंतीतले प्लग काढून पाच मिनिटं वाट बघितली, म्हणजे दोघांनी एकमेकांची ओळख नव्याने करून घ्यावी. शेवटी टीव्ही अगदी कारखान्यातून आल्यासारखा कोरा केला. सगळं छान चाललं. जाता जाता मावशींनी नेहमीसारखं टेबलावरून हेडफोन उचलून दिला होता, "माझं कानातलं जोडून द्या हो", आणि त्यांनी जोडून दिलं होतं. चहा झाला, सही झाली. त्याच संध्याकाळी तिसरी तक्रार: 'मागचा आवाज जातो, कारण समजत नाही.'

फोन वाजला. सेवा केंद्राचे व्यवस्थापक. वय अठ्ठावीस.

"काका, काय स्टेटस?"

"सर, आत्ता बरोबर चालतंय."

"मग बंद करा ना तक्रार!"

"ग्राहक तक्रार बंद करायचा कोड देत नाहीत. म्हणतात संध्याकाळपर्यंत बसा."

"त्यांना बारवरचं सराउंडचं बटण दाबायला सांगितलं होतं ना मी? मग मागूनही आवाज येतो."

"दाबलं होतं सर. ते म्हणाले, एका माणसाला आठ पाय आलेत आणि तो चहूबाजूंनी चालतोय."



"ग्राहकाच्या कानांत काही प्रॉब्लेम?"

"सर, ग्राहकाच्या कानांनी घरात दोन माणसांचं काम चालतं."

"बघा काका. सहा वाजता सिस्टीम बंद होते. माझ्या हातात काही नसतं." हे वाक्य व्यवस्थापक नेहमी अशा सुरात म्हणत, की हातात असतं तर त्यांनी काय काय केलं असतं, याची ऐकणाऱ्याने कल्पना करत राहावी.

सव्वाचार वाजले होते.

डिशकाकांनी आणलेला दुसरा साउंडबार लावला. ५.१. पहिला परत लावला. ५.१. पेनड्राइव्ह लावला, त्यातल्या चाचणीच्या आवाजातली बाई 'पुढे डावीकडे', 'मागे उजवीकडे' म्हणत खोलीभर हिंडली आणि तिने एकही कोपरा चुकवला नाही. शेजारच्यांचं यंत्र मधे येतं का म्हणून त्यांनी भिंतीला कान लावला. व्होल्टेज मोजलं. मग ते टीव्हीखाली गुडघे टेकून, डोकं भिंतीत आणि पाठ जगाकडे करून, तारांकडे नुसते बघत राहिले. तारांना काही सांगायचं असेल तर आत्ता सांगावं, इतकंच त्यांचं मागणं होतं.

"चहा घेणार?" मावशींनी चौथ्यांदा विचारलं.

"नको मावशी."

"साखर कमी ना? आणते."

चहा आला. गप्पा झाल्या. डिशकाकांच्या मुलीच्या नोकरीबद्दल विचारून झालं, बायकोच्या गुडघ्याबद्दल विचारून झालं, आणि उत्तरं अर्धी ऐकून पूर्ण मान हलवून झाली. साहेब घड्याळाकडे बघत होते, डिशकाका पट्टीकडे. पट्टी हट्टाने ५.१.

"साहेब," डिशकाका शेवटी म्हणाले, आणि स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला, "एक विनंती करू? तुम्हाला कोड आला असेल मेसेजमध्ये. सहा आकडी. तो आज द्या. उद्या बिघडलं तर मी स्वतःहून येईन, रोज येईन. रोज संध्याकाळी इथे बसेन."

"म्हणजे बिघाड तसाच आणि तुम्ही इथे?"

"आज सहापर्यंत कोड मिळाला नाही तर मला काम मिळणं बंद होईल."

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते; फक्त आयुष्यभर त्यांनी 'पुन्हा घ्या' हे दोनच शब्द उच्चारले होते, आणि कलाकार रडले तरी ते मागे घेतले नव्हते.

"मी खोटी सही कधी केली नाही," ते हळू म्हणाले. "तुमचं वाईट व्हावं असंही मला वाटत नाही. पाच चाळीस झालेत. बघा अजून."

बघायला काहीच शिल्लक नव्हतं. डिशकाका पुन्हा टीव्हीखाली गेले, मुख्य म्हणजे आपला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. मालिका चालू होती. मावशींना वाटलं, पाहुणा आता कामात आहे, पाठ करून आहे, तेव्हा उद्धटपणा होणार नाही. त्यांनी हेडफोन उचलला, बटण दाबलं, कानांवर चढवला.

डिशकाकांच्या नाकासमोर पट्टीवरचं ५.१ विझलं.

क्षणभर काहीच नाही. मग: पीसीएम २.०.

सोफ्यामागचा माणूस चालता चालता अदृश्य झाला आणि समोरच्या भिंतीत जाऊन उभा राहिला.

"झालं!" साहेब उठले. "बघा! काय केलंत?"

"काही नाही केलं," डिशकाका म्हणाले, आणि हे शंभर टक्के खरं होतं. त्यांचे दोन्ही हात हवेत होते. मग त्यांनी मान वळवून खोलीकडे बघितलं, खोलीत काय बदललंय ते. साहेब उभे होते. पडदा तसाच होता. मावशी मालिका बघून हसत होत्या. आणि मावशींच्या कानाशी एक छोटा निळा दिवा जळत होता.



डिशकाकांनीच साउंडबार बसवला त्या दिवशी मावशींनी विचारलं होतं, "मला हेडफोन लावला की यांचा आवाज जातो, आणि यांचा लावला की माझा. दोघांना एकदम नाही का येणार?" आणि त्यांनी, सगळ्यात आतल्या मेनूत जाऊन, 'दोन्हीकडे आवाज' हा खटका मोठ्या अभिमानाने चालू करून दिला होता. कोऱ्या केलेल्या टीव्हीवर परतही त्यांनीच चालू करून दिला. हेडफोनला द्यायचा तर टीव्हीला पार्सल फोडावंच लागतं. एकदा फोडलं की हा टीव्ही तोच डावा-उजवा माल बारलाही पाठवतो. आणि बिघाड बघायला माणूस आला, की मावशी शिष्टाचार म्हणून हेडफोन काढून ठेवतात. संध्याकाळी मात्र नवराबायको एकत्र मालिका बघतात.

म्हणजे बिघाड त्यांनीच बसवला होता. दोनदा. चहाच्या बदल्यात.

पाच अठ्ठेचाळीस. डोक्यात एक विचार आला आणि त्याची लाज वाटायच्या आत हातांनी तो अमलात आणला. रिमोट, मेनू, आतला मेनू. 'दोन्हीकडे आवाज' बंद. 'फक्त साउंडबार' चालू.

५.१.

पावलं परत मागे गेली, वळली, जिना चढली. साहेब सावकाश खाली बसले. मावशींचा निळा दिवा अजून जळत होता, पण हेडफोनमध्ये आता काहीही येत नव्हतं. त्यांनी एकदा कानावर टिचकी मारली. मग पाहुण्यासमोर कुरकूर कशाला म्हणून हात मांडीवर ठेवला आणि ऐकू येतंय असा चेहरा केला. या चेहऱ्याची त्यांना खूप वर्षांची सवय होती.

"काय केलंत?" साहेबांचा आवाज बदलला होता.

"सेटिंग होतं साहेब. सापडलं." डिशकाकांनी घाईघाईने पट्टीचा फोटो काढला, कारण अॅपला फोटो लागे. "आता कायमचं राहील. कोड द्या साहेब, बारा मिनिटं उरलीत."

"थांबा, हा प्रसंग होऊ दे. हा माणूस चामड्याचे बूट घालून चालतोय, पण डाव्या टाचेत खिळा आहे. ऐका. टक्, टिक्. टक्, टिक्. कुणीतरी खरंच बूट घालून केलंय हे." त्यांचे डोळे भरल्यासारखे दिसले. "हं. घ्या. चार."

"चार."

"शून्य. सात."

"शून्य, सात."

"एक."

पडद्यावर तेव्हा गुप्तहेराचा म्हातारा बाप खाटेवर शेवटचं बोलत होता. खोलीत चारही बाजूंनी पंखा फिरत होता, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात कुणीतरी तोंड दाबून रडत होतं. मावशी त्याच वेळी मोठ्याने हसल्या.

साहेबांनी वळून बघितलं. "अगं, तो मरतोय."

मावशींनी ओठ वाचायचा प्रयत्न केला. "हो ना! किती विनोदी!" त्या म्हणाल्या.

पाच चौपन्न.

साहेब बायकोकडे बघत राहिले. मग त्यांनी उठून तिच्या कानावरून एका बाजूचा हेडफोन अलगद उचलला आणि स्वतःच्या कानाला लावला. ज्या माणसाला टाचेतला खिळा ऐकू येतो, त्याला शांतताही ऐकू येते.

"यात काही नाहीये," ते म्हणाले.

डिशकाकांच्या फोनवर चार आकडे लिहिलेले होते आणि दोन चौकटी रिकाम्या होत्या. त्या चौकटींकडे बघत त्यांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते मात्र दुसरंच.

"मी बंद केलं साहेब. तो बिघाडही माझाच होता. मावशींचा आवाज चालू ठेवला की टीव्ही तुम्हाला दोनच देतो. तुम्हाला सगळे दिले की मावशींना काहीच नाही. मधली वाट नाही. मागे दुसरं एक भोक आहे, त्यातून हेडफोनसाठी वेगळा आवाज काढता आला असता, पण या मॉडेलमध्ये ई-आर्क चालू असताना ते मुकं असतं. मी बघितलंय." ते थांबले. "मला कोड हवा होता म्हणून मी सांगितलं नाही."

"म्हणजे हिला ऐकू आलं की मला दोन," साहेब म्हणाले, "आणि मला सहा आले की हिला शून्य."

"असंच."

"आणि मी आठ दिवस तक्रारी करतोय, ती कसली? तर बायकोला ऐकू येतंय याची."

डिशकाकांनी फोनवरचं घड्याळ बघितलं. पाच छप्पन्न झाले होते.

मावशी दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होत्या. "काय झालं? माझं बिघडलं का? राहू दे हो! मला चित्रावरून सगळं कळतं!"

"तुला काही कळत नाही," साहेब प्रेमाने ओरडले. "तो मेला!"

"कोण?"

"बाप!"

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, आणि हातातला पदर तोंडाला लावला. "आणि मी हसले!"

साहेबांनी हात पुढे केला. "ते पूर्वीसारखं करा."

"साहेब, मग परत पीसीएम येईल."

"मला वाचता येतं. करा."

डिशकाकांनी केलं. आतल्या मेनूत जाताना बोटं दोनदा चुकली. निळ्या दिव्याखालून मावशींच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडल्यासारखा झाला, म्हणजे आवाज पोहोचला. सोफ्यामागचं रडणं थांबून समोर गेलं. पट्टीवर पीसीएम २.०.

पाच सत्तावन्न. डिशकाकांनी फोन खिशात घातला आणि केबली गुंडाळायला घेतल्या. उद्या सकाळी फोन कसा हलवायचा, याची त्यांच्या मनात तयारी सुरू झाली होती. बायकोला सांगायचं वाक्य मात्र अजून जुळत नव्हतं.

"कुठे निघालात? नऊ," साहेब म्हणाले.

"काय?"

"नऊ. आणि दोन. सहा आकडे झाले ना? चार, शून्य, सात, एक, नऊ, दोन. की फोन बिघडलाय?"

"पण साहेब, तुम्ही खोटी सही..."

"कसली खोटी? तक्रार काय लिहिलीय? कारण समजत नाही. समजलं की नाही कारण? मग सुटली. आणि दुपारी ही झोपते तेव्हा हेडफोन बंदच असतो. तेव्हा हवं तितक्या मोठ्याने सहाच्या सहा लावीन. हिची झोप मोडायची भीती नाही, तेवढी एक सोय आहे या घरात."

डिशकाकांनी आकडे टाकले. पाच एकोणसाठला फिरतं वर्तुळ आलं, फिरत राहिलं, आणि एक हिरवी खूण उमटली. ते सोफ्याच्या हातावरच बसले.

साहेब मात्र कपाटात काहीतरी शोधत होते. त्यांना नभोवाणी केंद्रातली जुनी काळी चिकटपट्टी सापडली. त्यांनी तिचा बोटभर तुकडा दातांनी तोडला आणि वाकून साउंडबारच्या तोंडावर नीट, सरळ रेषेत, आकड्यांवर चिकटवला.

"मी वाईट बातमी रोज वाचत नाही," ते म्हणाले, आणि बायकोशेजारी जाऊन बसले.

फोन वाजला.

"काका! ग्रेट! बंद झाली! फोटोत ५.१ दिसतंय. आता डिस्प्लेवर नक्की तेच आहे ना? मला वर कळवायचंय."

डिशकाकांनी साउंडबारकडे बघितलं. काळी पट्टी. शेजारी सोफ्यावर दोन म्हातारी माणसं एकाच वेळी, एकाच गोष्टीला, डोळे पुसत होती.

"सर," ते म्हणाले, "डिस्प्लेवर आता काहीच दिसत नाहीये."

"काहीच नाही? म्हणजे बिघडला?"

"नाही सर. ग्राहकाने झाकलाय."

"का?"

डिशकाकांनी उत्तर शोधलं. अॅपमधल्या कारणांच्या यादीत बसेल असं एकही सापडेना.

"सर, तुमच्या हातात काही नसतं ना," ते शेवटी म्हणाले, "तसंच यांच्या डिस्प्लेवरही काही नसतं, असं समजा," आणि बॅग उचलून, बूट चढवून जिना उतरायला लागले. बूट जुने होते. पहिल्या वळणावर त्यांना स्वतःच्याच डाव्या टाचेतला खिळा ऐकू आला.